प्रिन्सिपल-एजंट प्रॉब्लेम आणि रोजगार हमीची कधीच न मिळणारी पोच

मृद्गंध

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचते इथे, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

एमएला आम्हाला प्रिन्सिपल-एजंट प्रॉब्लेम होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शेत वाट्यानं दिलं आणि मालक पुण्यात राहतो असं समजा. वाटेकरी किती राबला ते मालकाला दिसत नाही, दिसतं ते फक्त पीक, आणि पीक कमी आलं तर पावसामुळे की आळसामुळे हे कळायला मार्ग नाही. सरकारी योजनेत मालक म्हणजे सरकार आणि वाटेकरी म्हणजे तालुक्यातले नि गावातले कर्मचारी. पुस्तकात उपाय दोनच, एकतर नीट लक्ष ठेवा नाहीतर त्याचा फायदा-तोटा कामाशी बांधा.

आता माझा प्रश्न. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्राच्या कायद्यात हा दुसरा उपाय आधीच घातलेला होता. मजुरानं काम मागितलं की 15 दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेरोजगार भत्ता. पहिले 30 दिवस मजुरीच्या निदान पाव आणि त्यापुढे निदान निम्मा. अकुशल मजुरी केंद्र देणार पण भत्ता मात्र राज्यानं स्वतःच्या खिशातून द्यायचा. म्हणजे काम काढलं तर दिल्लीचे पैसे, नाही काढलं तर स्वतःचे. डोकं लावूनच केलंय की हे. मग राज्य सरकारनं खालच्या लोकांच्या मागे लागून धडाधड कामं काढायला हवीत ना?

पण माझ्या मामाच्या गावात, मराठवाड्यात, लोक मागणीचा अर्ज देतात, तो घेतला जातो आणि पुढे काहीच होत नाही. तारखेची पोच मागितली तर "करतो, ठेवून जा". भत्ता मिळालेला माणूस मला गावात एकही भेटला नाही. तर थिअरी चुकतेय का मी चुकीच्या जागी लावतेय?

टवाळ_पाटील

सगळे खातात ताई. याला थिअरी कशाला लागते, डोळे पुरेत.

कोरडवाहू

पाटील, खातात हे खरंय पण त्यानं मृद्गंधच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. खायचं असेल तर काम काढायला पाहिजे, काम काढल्याशिवाय खाणार काय? आणि इथे तक्रार अशीये की कामच काढत नाहीत. दोन वेगळे आजार आहेत हे.

मी अमरावती भागात रोहयोवर बरीच वर्षं मजुरांसोबत काम केलंय, मला दिसतं ते सांगतो. थोडं लांबेल.

थिअरी चुकत नाहीये, तू साखळीतल्या कड्या कमी मोजतेयस. सरकार आणि कर्मचारी असे दोघंच नाहीत. केंद्र आहे, राज्य आहे, जिल्हाधिकारी आहे, तहसीलदार आहे जो आपल्याकडे कार्यक्रम अधिकारी असतो, बीडीओ सहकार्यक्रम अधिकारी, मग तांत्रिक सहाय्यक, मग ग्रामसेवक, सरपंच आणि सगळ्यात खाली ग्रामरोजगार सेवक. यातला प्रत्येक जण वरच्याचा एजंट आणि खालच्याचा मालक. भत्त्याची शिक्षा कायद्यानं राज्यावर ठेवली, पण ती लागू व्हायची तर पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे ती तारखेची पोच. ती द्यायची कुणी? तर भत्त्याची वेळ आली की ज्याला नोटीस येणार त्यानंच.

आकडे टाकून बघू. आपल्याकडे 2025-26 चा मजुरी दर होता 312 रुपये. पाव म्हणजे 78. एखाद्या गावात 40 जणांनी नमुना 4 भरून काम मागितलं आणि त्यांना खरोखर तारखेची पोच मिळाली असं धर. पंधरा दिवसांत काम निघालं नाही, पुढे अजून 10 दिवस गेले. 40 गुणिले 10 गुणिले 78, झाले 31,200 रुपये. राज्याच्या बजेटमध्ये ही रक्कम चहापाण्याची आहे. पण तालुक्यात हे 31,200 म्हणजे एक फाईल, त्या फाईलवर "काम का दिले नाही" याचा खुलासा, जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये उभं राहून उत्तर, आणि रक्कम तुझ्याकडून वसूल करू अशी टांगती तलवार. आता त्या माणसाच्या जागी बसून विचार कर. काम काढायचं तर शेल्फवर, म्हणजे आधी मंजूर झालेल्या कामांच्या यादीत, काम हवं, अंदाजपत्रक हवं, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कामाला जागा, मापं घ्यायला माणूस. आणि पोच न देणं? त्याला काहीच लागत नाही. कागद ड्रॉवरमध्ये गेला की मागणी झालीच नाही, आणि मागणी झालीच नाही तर पंधरा दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.

म्हणजे कायद्यानं जी शिक्षा काम काढायला लावेल म्हणून ठेवली होती तिनंच मागणी न नोंदवण्याचं कारण तयार केलं. शिक्षा नसती तर कदाचित पोच सहज दिली असती :)

मृद्गंध

हे भारी आहे, असा विचारच केला नव्हता. पण मग सिस्टिममध्ये हे दिसायला नको का? सगळं ऑनलाईन आहे ना?

कोरडवाहू

दिसतं, पण उलटं दिसतं. nrega.nic.in वर तालुक्याचा कुठलाही रिपोर्ट काढ, किती कुटुंबांनी काम मागितलं आणि किती जणांना दिलं हे दोन रकाने शेजारी शेजारी असतात. बहुतेक ठिकाणी दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. वरून बघणाऱ्याला वाटतं वा, मागेल त्याला काम मिळतंय. पण दुष्काळी तालुक्यात मे महिन्यात मागणारे आणि मिळालेले इतके तंतोतंत कसे जुळतील? ते जुळतात कारण मागणी काम मंजूर झाल्यावर भरली जाते. आधी काम ठरतं, मग मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, काढायचं म्हणून त्यावर नावं लागतात, मग त्या नावांनी मागणीचे अर्ज सिस्टिममध्ये चढतात. घोडा मागे आणि टांगा पुढे.

म्हणून माझ्या लेखी फरक नसणं हीच खूण. जिथे मागणी आणि काम यात थोडा तरी फरक दिसतो, बेरोजगार भत्त्याच्या रिपोर्टमध्ये काही तरी देय दाखवलंय, तिथे अर्ज खरे नोंदवले जात असण्याची शक्यता जास्त.

तलाठीआबा

महसुलात 34 वर्षं काढली, निवृत्त होऊन बराच काळ झाला. वाचतोय सगळं. इथे सगळ्यांनी कर्मचाऱ्याला चोर नाहीतर कामचुकार ठरवलेलं दिसतंय म्हणून चार शब्द.

एका ग्रामसेवकाकडे कितीतरी ठिकाणी दोन-दोन, तीन-तीन ग्रामपंचायती असतात. घरकुल त्याच्याकडे, पाणीपट्टी त्याच्याकडे, शौचालय त्याच्याकडे, निवडणूक आली की ती त्याच्याकडे, प्रत्येक साहेबाला आपली योजना पहिली पाहिजे. मोबाईलवर रोज दहा ग्रुप, प्रत्येकात "आजच माहिती द्या". तुमच्या त्या पुस्तकात एक मालक एक नोकर असेल, इथे एका नोकराला पंधरा मालक आहेत. मग तो काय करतो, जो साहेब जास्त ओरडतो त्याचं काम आधी. मजूर ओरडत नाही. ओरडला तर साहेबाला ऐकू जात नाही. माणसं भरा, सगळं सुरळीत होईल. पूर्वी 72 च्या दुष्काळात आम्ही कामावर लाखो माणसं लावली, मोबाईल नव्हता का ॲप नव्हतं.

कोरडवाहू

आबा, पंधरा मालकांचा मुद्दा एकदम बरोबर, थिअरीवाले पण हे मानतात. माणसं भरा या बाबतीत अर्धा सहमत. माणसं वाढली तर ज्याची इच्छा आहे त्याला वेळ मिळेल, पण पोच द्यायला वेळ किती लागतो? अर्ज घेताना तारीख टाकून सही, एक मिनिट. जे काम एका मिनिटाचं आहे ते होत नसेल तर ते वेळेअभावी होत नाही असं म्हणता येणार नाही.

आणि 72 ची गोष्ट वेगळी होती, तेव्हा काम काढलं नाही तर मोर्चे निघत होते, विधानसभा पेटत होती, वि. स. पागे यांच्यासारखा माणूस विधान परिषदेचा सभापती असताना या योजनेच्या मागे लागला होता. वरच्या मालकालाच गरज होती. आपल्या राज्याचा कायदा 1977 चा, देशाच्या कितीतरी आधी, तो काही कर्मचारी चांगले होते म्हणून चालला नाही.

संत्याभाऊ

नमस्कार. माझी सिंचन विहीर रोहयोतून मंजूर आहे. खोदकाम झालं, बांधकाम झालं, अकुशलचे पैसे पडले पण कुशलचं बिल किती महिने झाले अडकलंय. तालुक्याला गेलं की जिल्ह्याला विचारा, जिल्ह्याला गेलं की वरून फंड नाही. कर्ज काढून सिमेंट, सळई आणलीये. कुणाची ओळख आहे का तिकडे?

टवाळ_पाटील

संत्याभाऊ, इथे ओळख शोधताय, तो पण एजंटच झाला की.

कोरडवाहू

संत्याभाऊ, ओळख नाही पण तुमचं काम कुठे थांबलंय ते कळू शकेल. ग्रामरोजगार सेवकाकडून कामाचा वर्क कोड घ्या, कुशलचं बिल सिस्टिमला चढवलंय का आणि एफटीओ, म्हणजे पैसे वर्ग करायचा आदेश, झालाय का हे पंचायत समितीच्या रोहयो कक्षात तुम्हाला दाखवू शकतात. एफटीओ झाला नसेल तर अडचण तालुक्यात आहे, झाला असेल आणि पैसे नसतील तर वर. दोन्हीत भांडायची जागा वेगळी.

पण मंडळी, संत्याभाऊंची विहीर या धाग्यात अगदी योग्य जागी आलीये. तुमच्या विहिरीवर मस्टरला नावं कुणाची होती हो? विचारतोय कारण बहुतेक गावात घरची नि भावकीची असतात आणि खोदतं पोकलेन. तुम्हाला दोष देत नाहीये, कडक दगडात हातानं कोण खोदणार. मुद्दा असा की इथे मागणीचे अर्ज भरायला कुणी टाळाटाळ करत नाही. ग्रामरोजगार सेवक स्वतः भरतो, घरी येऊन अंगठा घेऊन जातो. कारण इथे लाभार्थी ठराविक आहे, तो पाठपुरावा करतो, सरपंचाला त्याचं मत हवंय, आणि सिमेंट-सळई असल्यामुळे मटेरियल पुरवणाऱ्याचंही काही तरी आहे. सगळ्यांचे हितसंबंध एका दिशेला लागलेत. तोच कर्मचारी, तोच नमुना 4, तीच मापं घ्यायला येणारी माणसं. मजुरांच्या नाला-बांध कामात मात्र हे सगळे गप्प. म्हणून कर्मचारी आळशी आहे असं म्हणून भागत नाही, तो कुणासाठी हलतो ते बघायला लागतं.

संत्याभाऊ

नावं घरचीच होती, खोटं कशाला बोलू. पण विहीर खरी आहे, पाणी लागलंय. फोटो पाहिजे तर टाकतो.

डेटावाला

मला कळत नाही आपण आजच्या काळात पोचपावतीवर का बोलतोय. कागद आहे म्हणूनच ड्रॉवर आहे. मजुराला स्वतःच्या फोनवरून मागणी करू द्या, तारीख सर्व्हर टाकेल. हजेरीचं बघा, पूर्वी बोगस मस्टर भरायचे, आता एनएमएमएस ॲप 1 जानेवारी 2023 पासून सक्तीचं आहे, दिवसातून दोनदा कामावरचा फोटो जिओटॅग होऊन वर जातो. पैसे थेट खात्यात. प्रिन्सिपल-एजंटचं मूळ काय, तर मालकाला दिसत नाही. ते दिसायला लागलं की प्रॉब्लेम संपला. तंत्रज्ञानाला नावं ठेवायची फॅशन झालीये.

जाईजुई

डेटावाला, माझा भाऊ ग्रामरोजगार सेवक आहे म्हणून सांगते. सकाळी फोटो, दुपारी परत फोटो, डोंगरातल्या कामावर रेंज नसते, फोटो अपलोड नाही झाला तर मजुराची हजेरी जाते आणि बाया त्याच्या दारात येऊन भांडतात, दिल्लीत नाही येत. फोन त्याचा स्वतःचा. अनेक वर्षं त्याचं मानधन मजुरीवर झालेल्या खर्चाच्या टक्क्यांवर होतं, गावात काम निघालं तर चार पैसे, नाही निघालं तर भोपळा, आणि काम काढणं त्याच्या हातात कधीच नव्हतं, ते तालुक्याच्या हातात. 2024 मध्ये सरकारनं महिन्याला 8000 ठरवलं तेव्हा घरी पेढे वाटले होते आम्ही.

तो अर्ज का घेत नाही ते पण सांगते. घेतो, पण पुढे पाठवला की वरून फोन येतो, "काम नसताना मागणी कशाला चढवली?" त्याला गावातल्या मजुराची भीती नाही, त्या फोनची भीती आहे.

मृद्गंध

जाईजुई, थँक्यू, हे फार महत्त्वाचं आहे. म्हणजे टक्केवारीत पुस्तकातला दुसरा उपाय, पगार कामाला बांधा, हा केलेलाच होता, पण ज्याच्या हातात काम काढणं नाही त्याला बांधला. ज्याच्या हातात आहे त्याचा पगार काम निघो न निघो तोच.

डेटावाला यांच्या मुद्द्यावरून आमच्या कोर्समधली उदयपूरची उदाहरणं आठवली. राजस्थानात सेवा मंदिर नावाची संस्था आहे, तिथे बॅनर्जी, डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञ मंडळींनी दोन प्रयोग केले. पहिला संस्थेच्या स्वतःच्या एकशिक्षकी शाळांमध्ये. शिक्षकाला कॅमेरा दिला, शाळा सुरू करताना आणि बंद करताना मुलांसोबत फोटो काढायचा, फोटोवर तारीख-वेळ येते आणि ती बदलता येत नाही. पगार दिवसाला बांधलेला, 20 दिवस भरले तर 1000 रुपये, पुढच्या प्रत्येक दिवसाला 50 जास्त, कमी भरले तर प्रत्येक दिवसाला 50 कमी, पण 500 च्या खाली नाही. गैरहजेरी 42 टक्क्यांवरून 21 वर आली आणि टिकली.

दुसरा प्रयोग त्याच जिल्ह्यात, सरकारी उपकेंद्रातल्या नर्सबाईंवर. त्यांनाही तारीख-वेळ छापणारं यंत्र दिलं, ठराविक दिवशी तीनदा शिक्का मारायचा, फार गैरहजर राहिल्या तर पगार कापायचा. सुरुवातीचे काही महिने हजेरी जवळपास दुप्पट झाली. आणि सोळा महिन्यांनी काहीच फरक उरला नव्हता. यंत्र बिघडली नव्हती असं नाही, ती पण बिघडायला लागली होती, पण मुख्य गोष्ट अशी झाली की "सूट असलेले दिवस" वाढत गेले. आज मीटिंग, आज सर्व्हे, आज ट्रेनिंग. ही सूट वरचे आरोग्य अधिकारी देत होते.

म्हणजे दिसत होतं की सगळं. यंत्र तंतोतंत सांगत होतं कोण आलं कोण नाही. शाळेत पगार कापणारी संस्था स्वतः होती आणि तिला कापायचा होता. दवाखान्यात कापणाऱ्याला कापायचा नव्हता.

तलाठीआबा

कसा कापेल? त्या नर्सबाईशिवाय त्याचं लसीकरणाचं टार्गेट कोण पूर्ण करणार. उद्या तिनं बदली मागितली तर जागा वर्षभर रिकामी. शिवाय संघटना आहे. आणि माणूस म्हणून पण, तिथे राहायची सोय नाही, पोरांची शाळा नाही. साहेबाला हे सगळं माहीत असतं, यंत्राला नसतं. सूट दिली म्हणजे लगेच लबाडी झाली असं नाही.

कोरडवाहू

आबा, मला याचं उत्तर नाही देता येत. तुमचं बरोबर पण असू शकतं आणि त्याच सवलतीच्या आडून लबाडी पण होऊ शकते, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मूळ अडचण तीच तर आहे.

डेटावाला, एनएमएमएसचं म्हणाल तर केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच जुलै 2025 मध्ये राज्यांना पत्र पाठवलंय, काय काय चाललंय याची यादी देऊन. कामाशी संबंध नसलेले फोटो, जिवंत माणसांऐवजी फोटोचाच फोटो, फोटोतली माणसं आणि मस्टरवरची संख्या जुळत नाही, बायका-पुरुष जुळत नाहीत, तीच माणसं वेगवेगळ्या मस्टरवर, दुपारचा फोटोच नाही. म्हणजे ॲपनं फोटो वर पाठवला, पण तो बघायला कुणी नव्हतं. आणि उपाय काय काढला माहितीये? सगळेच्या सगळे फोटो ग्रामपंचायतीनं तपासायचे, वरच्यांनी त्यातले काही टक्के. ज्या पातळीवर फोटो निघतो त्याच पातळीवर तपासणी. जाईजुईच्या भावानं सकाळी फोटो काढायचा आणि त्याच ऑफिसात कुणी तरी तो बरोबर आहे म्हणायचं.

उदयपूरच्या यंत्राचं झालं तेच होणार असं मला वाटतं, फक्त मोठ्या प्रमाणावर.

डेटावाला

एक मिनिट. तुम्ही वाईट डिझाईन दाखवून तंत्रज्ञानच वाईट म्हणताय. तेलंगणाचं घ्या. 2018 मध्ये रयतु बंधू या शेतकरी मदत योजनेचे चेक वाटायचे होते, गावोगावच्या अधिकाऱ्यांच्या हातून. मुरलीधरन वगैरे संशोधकांनी काय केलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही मंडल, म्हणजे तिथले तालुके, निवडले आणि तिथल्या अधिकाऱ्यांना आधीच सांगितलं की कॉल सेंटरवरून शेतकऱ्यांना फोन करून विचारणार आहोत, चेक मिळाला का, वेळेवर मिळाला का. बस्स, एवढंच. चेक मिळणाऱ्यांचं प्रमाण त्या मंडलांमध्ये वाढलं. वाढ छोटी आहे, एक-दीड टक्क्याच्या आसपास, पण खर्च नगण्य. कॅमेरा नाही, ॲप नाही, साधा फोन.

कोरडवाहू

हे उदाहरण मला मान्य आहे आणि आवडतं पण. फरक बघा कुठे आहे. इथे माहिती एजंटकडून येत नाही, ज्याला चेक मिळायचा त्याच्याकडून येते, मधल्या साहेबाला वळसा घालून. एनएमएमएसमध्ये एजंट स्वतःबद्दलचीच माहिती स्वतः पाठवतो.

पण हे रोहयोच्या मागणीला जसंच्या तसं लागू होत नाही. तेलंगणात जमिनीच्या नोंदीवरून यादी तयार होती, कुणाला किती चेक जायचा हे आधी ठरलेलं, म्हणून कुणाला फोन करायचा हे माहीत होतं. रोहयोत ज्याचा अर्ज ड्रॉवरमध्ये गेला तो यादीतच नाही, त्याला फोन कोण करणार? ज्यांना काम मिळालं त्यांनाच फोन जाईल आणि सगळे म्हणतील हो मिळालं. एकच रस्ता दिसतो, जॉबकार्ड असलेल्या सगळ्या कुटुंबांतून चिठ्ठ्या टाकून काही निवडायची आणि विचारायचं, "गेल्या महिन्यात काम मागितलं होतं का, मागायचं होतं का?" हे कुणी मोठ्या प्रमाणावर करावं असं मला फार वाटतं.

टवाळ_पाटील

आणि गावात सगळ्यांना कळणार फोन कुणाला आला ते. "साहेब, सगळं ठीक आहे" म्हणणार सगळे. उद्या घरकुलाची यादी त्याच माणसाच्या हातात आहे.

जाईजुई

पाटील पहिल्यांदा काहीतरी बरोबर बोलले :D

मृद्गंध

मग सोशल ऑडिट? आंध्रची फार तारीफ ऐकली आहे, 2006 पासून तिथे ही ऑडिट होतात, पुढे त्यासाठी स्वतंत्र यंत्रणाही झाली, बाहेरच्या तालुक्यातले लोक येतात, घरोघरी जाऊन मस्टर वाचून दाखवतात, मग सगळ्यांसमोर जनसुनावणी. ही पण लाभार्थ्याकडूनच आलेली माहिती झाली ना.

कोरडवाहू

आहे, आणि माझ्या बघण्यात त्याहून चांगलं काही नाही. पण आंध्रच्या ऑडिटच्या नोंदींवर फरझाना आफ्रिदी आणि इव्हर्सन यांचा अभ्यास आहे, त्यात असं निघालं की फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या तरी एकूण गैरप्रकार कमी झाले नाहीत. मजुरीतले प्रकार थोडे घटले, त्याऐवजी मटेरियलमधले वाढले. कारण मजुरी मजुराला विचारून तपासता येते, किती सिमेंट लागलं ते मजुराला काय माहीत. आणि सापडलेल्या पैशातला फार थोडाच वसूल झाला. परत तीच कडी, शोधणारा वेगळा आणि शिक्षा करणारा वेगळा.

पोचेपुरतं बोलायचं तर आमच्याकडे एकच गोष्ट चालली, ती म्हणजे एकट्यानं अर्ज न देणं. कायद्यात आहे की अर्ज ग्रामपंचायतीला द्या किंवा थेट कार्यक्रम अधिकाऱ्याला द्या. पन्नास-साठ जण मिळून थेट तहसीलला जायचं, आवक शाखेत अर्जांचा गठ्ठा द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर नि तारीख घेतल्याशिवाय हलायचं नाही. आवक कारकुनाला रोहयोशी काही देणंघेणं नसतं, त्याच्यावर 31,200 ची फाईल येणार नसते, तो शिक्का मारतो. शिक्का मिळवायचा तर ज्याच्यावर शिक्षा येणार नाही अशा टेबलावर जायचं. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, असंच सापडलं. पण दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर गेलेलं असतं, मग पन्नास माणसं आणायची कुठून? मेळघाटात तर तहसीलला जायचं भाडंच एका दिवसाच्या मजुरीइतकं होतं कधी कधी.

तलाठीआबा

वा, म्हणजे आवक कारकून तेवढा चांगला. गंमत केली, राग नको.

तुम्ही सगळे खालून वर मोजताय, मी वरून खाली मोजतो. काम काढलं, मजूर लावले, मापं घेतली, एफटीओ तालुक्यानं वेळेत केला. त्यानंतर पैसे पाठवायचे केंद्रानं. ते आले नाहीत तर मजूर शिव्या कुणाला देणार? तालुक्यातल्या माणसाला. उशिराबद्दल मजुराला भरपाई द्यायची तरतूद होती, दिवसाला 0.05 टक्के. सहा दिवसांची मजुरी 1872 रुपये, त्यावर दिवसाला 94 पैसे. आणि हे 94 पैसे पण सिस्टिमनं मोजले ते फक्त तालुक्याच्या टप्प्यातल्या उशिराचे. तालुक्यानं एफटीओ केल्यावर दिल्लीत जो वेळ गेला तो मोजलाच जात नव्हता. स्वराज अभियानच्या केसमध्ये 2018 साली सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की केंद्राला हात झटकता येणार नाहीत. आता सांगा, मालक स्वतःचा उशीर मोजत नाही आणि नोकराचा मोजतो. अशा मालकाच्या भरवशावर मी पंचायतीला सांगू का की काढा रे कामं, होऊ द्या मागणी? मीही म्हणालो असतो, सध्या राहू द्या.

डेटावाला

आबांचा मुद्दा जबरदस्त आहे. पण 94 पैसे कुणी मोजले नाहीत हेही रिपोर्टमधल्या तारखा बघूनच बाहेरच्या लोकांनी दाखवलं ना? डेटा उघडा होता म्हणूनच ते कळलं. मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे.

मृद्गंध

आबा, म्हणजे तुमच्या मते अर्ज दाबणारा माणूस मजुराला फसवत नाही, वरून न येणाऱ्या पैशापासून स्वतःला वाचवतोय?

तलाठीआबा

दोन्ही एकाच वेळी करतोय. एवढं सोपं असतं तर 34 वर्षं मला झोप लागली असती.

कोरडवाहू

आबांनी सांगितलं त्यात एक शंका आहे माझी. पैसे उशिरा येतात हे कारण सगळ्या तालुक्यांना सारखंच लागू पाहिजे. मग शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत, तीच जमीन, तोच पाऊस, तीच दिल्ली, एकीकडे मजुरांची कामं निघतात आणि दुसरीकडे नुसत्या विहिरी नि गोठे, असं का दिसतं? माझ्या अनुभवात तहसीलदार बदलला की सहा महिन्यांत चित्र बदलतं, दोन्ही दिशांना. आणि काही गावांत मोठ्या बागायतदारांनाच सोंगणीच्या दिवसात रोहयोचं काम नको असतं, मजूर महाग पडतो म्हणून, सरपंच त्यांच्यातलाच. हा मालक तर तुमच्या कुठल्याच परिपत्रकात नाही.

मृद्गंध, तुला खरंच यावर काही लिहायचं असेल तर मामाच्या तालुक्याचा आणि शेजारच्या तालुक्याचा मागणी-कामाचा महिनावार रिपोर्ट काढ, सोबत कामांचे प्रकार बघ, सामूहिक किती आणि वैयक्तिक किती. मग गावात बसून विचार कुणी कुणी मागितलं होतं. त्या दोन्हीतलं अंतर म्हणजे तुझा ड्रॉवर.

मृद्गंध

काढते. मामाकडे गणपतीत जाणारच आहे, विचारून इथे टाकते.

संत्याभाऊ

कोरडवाहू साहेब, विचारून आलो. एफटीओ झालेला नाही, बिल तालुक्यातच आहे. मापं लिहिणाऱ्याची सही राहिलीये म्हणे. तो सुट्टीवर आहे. आता सांगा कुणाकडे जाऊ?

टवाळ_पाटील

आवक शाखेत.